एरेटर बसवला आणि धार करंगळीएवढी झाली? जाळी काढून फेकायच्या आधी हे बघा

मी प्लंबर नाही. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका जुन्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, आणि दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही सगळ्या फ्लॅटच्या बेसिनला ३ लिटर पर मिनिटचे एरेटर बसवले तेव्हापासून "नळाला पाणीच येत नाही हो" ही एकच तक्रार मी इतक्या वेळा निस्तरली आहे की आता दारावरची बेल वाजली की आधी खिशात जुना टूथब्रश टाकतो. एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाला असते ती जाळी, आपल्याकडे दुकानात फोम फ्लो म्हणूनही मागतात. पाण्यात हवा मिसळून ते धार जाड दाखवतं आणि पाणी मात्र कमी सोडतं. ते बंद पडलं की लोक काय करतात, जाळी काढून कपाटाच्या वर टाकतात आणि नळ पुन्हा धो धो सुरू. प्रॉब्लेम सुटला असं वाटतं, पण टाकी पुन्हा संध्याकाळी चारलाच रिकामी.

आधी तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते ठरवा, कारण सगळ्यांची तक्रार "पाणी कमी येतंय" हीच असली तरी दुखणी वेगवेगळी असतात.

पहिले दोन महिने छान चाललं आणि मग धार हळूहळू बारीक होत गेली, एक बाजू वाकडी उडायला लागली, समोरच्या आरशावर शिंतोडे यायला लागले, तर जाळीत क्षार बसलेत. काल ठीक होतं आणि आज अचानक बारीक झालं, आणि मधे टाकी धुतली होती किंवा गल्लीत पाइपलाइनचं खोदकाम झालं होतं, तर रेती आहे, नव्वद टक्के वेळा. बसवल्या दिवसापासूनच धार मेलेली असेल तर दोष एरेटरचा नाही, प्रेशरचा किंवा चुकीच्या निवडीचा आहे. फक्त गरम पाणी कमी येतंय आणि गार ठीक आहे, तर एरेटरला हातच लावू नका, कारण दोन्ही पाणी त्याच एका जाळीतून येतं, मग ती एकाला अडवेल आणि दुसऱ्याला सोडेल असं होत नाही. आणि धार नीट आहे पण नळाच्या तोंडाच्या कडेने पाणी ओघळतंय, तर वॉशर वाकडा बसलाय किंवा राहिलाच आहे.

आधी मोजा, मग उघडा

याला एक पैसा लागत नाही आणि तरी कोणीच करत नाही. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, ती आंघोळीच्या मगात ओता आणि पाणी जिथवर आलं तिथे आतून पर्मनंट मार्करने रेघ मारा. मगावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, आमच्या घरातल्या दोन "एक लिटर"च्या मगांत पेलाभराचा फरक निघाला. आता नळ पूर्ण सोडा, धार स्थिर होऊ द्या, मग मग खाली सरकवा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. रेघेपर्यंत किती सेकंद लागले तो आकडा, ६० ला त्याने भागा, झाले तुमचे लिटर पर मिनिट. १० सेकंद लागले तर ६ लिटर, २० लागले तर ३, ३० लागले तर २. नळ जोरात असेल तर मग पाच सहा सेकंदांत भरतो आणि बोट दाबायला अर्धा सेकंद इकडे तिकडे झाला तरी आकडा बिघडतो, तिथे पाच लिटरची बादली घ्या आणि ३०० ला सेकंदांनी भागा. तीनदा मोजा आणि मधला आकडा धरा.

खरी गंमत पुढे आहे. हेच माप जाळी काढून पुन्हा घ्या. जाळी कशी काढायची ते खाली सांगतोच. उघड्या नळाचा आकडा म्हणजे तुमच्या पाइपमधून मुळात किती पाणी येतंय ते, आणि जाळीसकटचा आकडा म्हणजे त्यातलं किती बाहेर पडतंय ते. उघडा नळ जोरात आणि जाळी लावली की मेला, तर दोष जाळीत. उघडा नळही मेलेलाच, तर जाळी बिचारी निर्दोष आहे आणि दुखणं मागे कुठेतरी आहे. ह्या दोन आकड्यांवर माझे निम्मे फेरे वाचतात. लोकांना फोनवरच सांगतो, आधी दोन आकडे कळवा, मग येतो.

आणखी एक, वेळ लिहून ठेवा. सकाळी सातला अख्खी बिल्डिंग आंघोळ करत असते तेव्हा टाकीवरून उतरणाऱ्या त्याच पाइपमधून सगळे ओढतात आणि वरच्या मजल्यांचा आकडा पडतो. दुपारी तीनला मोजाल तर सगळं झकास दिसेल आणि तुम्ही म्हणाल आता बरं झालं.

फुकटातली तपासणी: अँगल कॉक

बेसिनच्या खाली भिंतीत जो छोटा नळ असतो, ज्याला कनेक्शन पाइप लावलेली असते, तो पूर्ण उघडा आहे का बघा. हसू नका. कोणीतरी कधीतरी गळती थांबवायला अर्धा बंद केलेला असतो, किंवा पाणी वाचवायचं म्हणून घरातल्याच कोणीतरी आवळलेला असतो आणि नंतर वर एरेटर बसतो, म्हणजे एकाच पाण्यावर दोन दोन लगाम. पाणी कमी करायचं काम एकाच ठिकाणी झालं पाहिजे. अँगल कॉक पूर्ण उघडा, एरेटरला त्याचं काम करू द्या. कॉक वर्षानुवर्षे हलवला नसेल आणि बोटांच्या जोराने फिरत नसेल तर तिथेच थांबा, पक्कड लावू नका. जुना कॉक दांड्यातून तुटला तर बाथरूमचं तळं होतं आणि मग तुम्ही मेन व्हॉल्व्ह शोधत गच्चीवर पळता. मी पळालोय.

जाळी काढणं आणि धुणं

बेसिनच्या ड्रेनवर आधी फडकं टाका. वॉशर काळा असतो, छोटा असतो आणि थेट ड्रेनमध्ये जायला टपलेला असतो.

एरेटर हाताने फिरवायचा. इथे सगळे चुकतात, कारण आपण वरून वाकून बघतो आणि जाळी खालच्या तोंडाला असते. खालून वर बघितलं तर ती घड्याळाच्या उलट दिशेला सुटते, म्हणजे वरून बघणाऱ्याला ती घड्याळाच्या दिशेने फिरवल्यासारखी वाटते. उलटं आवळत बसलात तर क्षारांनी आधीच धरलेली जाळी अजून जाम. हाताने नाही सुटली तर रबरी हातमोजा घालून बघा, मग पक्कड, पण मधे जाड कापड हवंच, नाहीतर क्रोमवर दात उमटतात आणि बायको ते दात आयुष्यभर दाखवते. काही नवीन नळांत जाळी आत दडलेली असते, बाहेरून धरायला काहीच नसतं, तिला प्लास्टिकची छोटी किल्ली येते. ती नळाच्या खोक्यात आलेली असते आणि खोकं आपण रद्दीत दिलेलं असतं. हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळते, पण मापं वेगवेगळी असतात म्हणून नळाच्या तोंडाचा फोटो घेऊन जा.

सुटली की भाग ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने फडक्यावर मांडा आणि एक फोटो काढून ठेवा. बाहेरची कॅप, रबरी वॉशर, वरची गाळणीसारखी घुमटाची जाळी, तिच्याखाली रेग्युलेटरची चकती आणि मग खालच्या बारीक जाळ्या. चकती उलटी बसवली तर पाणी एकतर अडतं किंवा चारी बाजूंनी उडतं, आणि मग लोक म्हणतात धुतल्यापासून जास्तच बिघडलं.

आता घाईने धुऊ नका. जाळीत काय अडकलंय ते आधी तळहातावर घेऊन बघा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. पांढरा, पिठासारखा, नखाने खरवडला तर निघणारा थर म्हणजे क्षार. आपल्याकडे नळाचं पाणी गंगापूर धरणाचं असलं की हा थर फार हळू बसतो, पण एप्रिल मे मध्ये सोसायटी बोअरचं पाणी टाकीत सोडते किंवा टँकर मागवते, आणि आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, तेव्हा जाळी महिना दीड महिन्यात धरते. पिवळसर तपकिरी कण आणि बोटावर खरखरीत लागणारी रेती म्हणजे टाकीच्या तळाचा गाळ किंवा खोदकामानंतर लाइनमधून आलेली माती. लालसर पापुद्रे म्हणजे कुठेतरी जुना लोखंडी पाइप अजून जिवंत आहे. पांढरे चिवट धागे म्हणजे टेफ्लॉन टेप, प्लंबरने सांधा करताना जास्तीची गुंडाळलेली, ती तुटून वाहत येऊन जाळीत बसते. प्लास्टिकचा कीस निघाला तर नवीन पाइप करवतीने कापून तो न धुता जोडलेला आहे. आणि काळे, मऊ, बोटांत चोळले की शाईसारखे डाग सोडणारे तुकडे निघाले तर कुठलं तरी रबर आतून कुजतंय, बहुतेक वेळा कनेक्शन पाइपच्या आतली नळी. ह्याकडे दुर्लक्ष करू नका, कारण ती पाइप एक दिवस फुटते, आणि ती नेहमी आपण गावाला गेल्यावरच फुटते.

रेती, टेप, कीस असेल तर नुसतं उलट्या बाजूने पाणी सोडून आणि जुन्या ब्रशने घासून काम होतं. क्षार असेल तर वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवा, किंवा सरळ व्हिनेगर घ्या, आणि जाळ्या अर्धा तास बुडवून ठेवा, थर जुना असेल तर दोन तीन तास. बारीक बुडबुडे येतात, म्हणजे क्षार विरघळतोय. बुडबुडे थांबले आणि थर अजून दिसतोय तर पाणी बदलून परत ठेवा. रबराचा वॉशर त्यात टाकायचा नाही, तो साध्या पाण्याने धुवा. टॉयलेटचं अॅसिड वापरू नका. क्षार जातो हे खरं, पण क्रोम पण जातं आणि खालचं पितळ उघडं पडतं. आणि कुठलंही अॅसिड ब्लीचिंगबरोबर तर एका वाटीत आणूच नका, विषारी गॅस होतो.

टाचणी किंवा सुईने भोकं मोकळी करायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. रेग्युलेटरच्या चकतीतली भोकं मोजून पाडलेली असतात, ती सुईने थोडी मोठी झाली की तुमचा ३ लिटरचा एरेटर ४ चा होतो आणि खालची बारीक जाळी फाटली की हवा नीट मिसळत नाही.

परत बसवायच्या आधी उघडा नळ मिनिटभर बादलीत सोडा. ह्याच वेळी दोन गोष्टी होतात, पाइपमध्ये राहिलेली घाण बाहेर पडते आणि तुमचं उघड्या नळाचं माप पण घेऊन होतं. मग जाळी हाताने आवळा, पक्कड नाही. कडेने ओघळलं तर वॉशर बघा, जोर लावू नका.

उघडा नळच मेलेला असेल तर

मग बेसिनखाली जावं लागतं. अँगल कॉक बंद करा, नळ उघडून प्रेशर सोडा, कनेक्शन पाइपचं वरचं टोक, म्हणजे नळाच्या बुडाला जोडलेलं, सोडवा आणि ते बादलीत धरून कॉक हळू उघडा. इथेही मोजा. बादलीत जोरात पाणी आलं तर अडथळा वर नळाच्या पोटात आहे. कमी आलं तर पाइपचं खालचं टोकही सोडवून नुसत्या कॉकचं पाणी बघा, हे करताना बादली एका हाताने आणि कॉक दुसऱ्या हाताने, कारण पाणी सरळ अंगावर येतं. कॉकमधून जोरात आणि पाइपमधून कमी, तर पाइप बदला. शंभर दोनशे रुपयांची वस्तू आहे, ती साफ करत बसायची नसते. काही पाइपच्या टोकाला वॉशरमध्येच छोटी जाळी असते, ती आधी बघून घ्या, रेती तिथे पण थांबते.

अडथळा नळाच्या पोटात असेल आणि नळ साधा असेल तर कार्ट्रिज, म्हणजे नळ उघडबंद करणारा आतला भाग, काढून धुता येतं. पण एका दांड्याचा मिक्सर असेल आणि तुम्ही कधी उघडला नसेल तर प्लंबर बोलवा. कार्ट्रिजमधल्या सिरॅमिक चकत्यांवर एक ओरखडा पडला की नळ कायमचा ठिबकतो, आणि ठिबकणाऱ्या नळाने पाणी वाचवायचं म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

बसवल्या दिवसापासूनच कमी: मजल्याचा हिशोब

हे मला स्वतःला उशिरा कळलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमच्याच बिल्डिंगची गोष्ट. खाली पार्किंग, वर चार मजले, गच्चीवर टाकी. सगळ्यांना एकच ३ लिटरचा एरेटर. पहिल्या मजल्यावर कोणाची तक्रार नाही, चौथ्यावरच्या काकू मात्र रोज. "अरे हात ओला व्हायला गजर लावावा लागतो," असं म्हणाल्या होत्या.

पहिल्या मजल्यावर मोजलं, लिटरला २० सेकंद, म्हणजे बरोब्बर ३. काकूंकडे ४१ सेकंद, म्हणजे जेमतेम दीड. जाळी काढली, रेती निघाली, धुतली, परत लावली, ३३ सेकंद, १.८. सुधारलं पण तीन काही होईना. उघडा नळ मात्र ११ सेकंदांत लिटर देत होता, म्हणजे साडेपाच. पाइप साफ, कॉक उघडा, जाळी स्वच्छ, तरी पाणी कमी.

मग टेप घेऊन गच्चीवर गेलो. टाकी दीड मीटरच्या कट्ट्यावर, आत पाणी साधारण एक मीटर. काकूंच्या बेसिनचा नळ गच्चीच्या खाली दोन मीटरवर. एकूण साडेचार मीटर. १० मीटर पाण्याची उंची म्हणजे ढोबळमानाने १ बार प्रेशर, म्हणजे काकूंना मिळतंय अर्ध्या बारपेक्षाही कमी. पहिला मजला त्याच्या नऊ मीटर खाली, तिथे साडेतेरा मीटर, १.३ बार. आता चांगल्या एरेटरच्या चकतीत एक रबरी रिंग असते, प्रेशर वाढलं की ती दबून भोकं लहान करते, त्यामुळे जास्त प्रेशरला पण पाणी ठरलेलंच येतं. पण ही रिंग काम करते साधारण १ बारच्या वर. त्याच्या खाली ती नुसती पडून असते आणि जाळी म्हणजे फक्त एक छोटं भोक राहतं. खोक्यावरचा ३ लिटर हा आकडा त्या चांगल्या प्रेशरचा आहे, काकूंच्या गच्चीखालचा नाही. भोकातून पाणी प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशोबाने येतं, म्हणजे उंची तिसरा हिस्सा झाली तर पाणी तिसरा हिस्सा होत नाही, साधारण पावणेदोन पटीने कमी होतं. तीन भागिले पावणेदोन, पावणेदोनच्या आसपास. स्टॉपवॉच १.८ सांगत होतं. म्हणजे एरेटर बिघडलेलाच नव्हता, मी चुकीचा आणला होता.

काकूंना ६ लिटरचा बसवला, लिटरला १८ सेकंद, म्हणजे ३.३. वरच्या मजल्याला खोक्यावर ६ लिहिलेला लावला की प्रत्यक्षात तीन सव्वातीन मिळतं, खालच्या मजल्याला ३ लिहिलेला तेवढंच देतो. तेव्हापासून आमच्याकडे वरचे दोन मजले वेगळे आणि खालचे दोन वेगळे. पण हा माझ्या टाकीच्या उंचीचा हिशोब आहे, तुमच्या बिल्डिंगला प्रेशर पंप असेल तर वरच्या मजल्यालाच जास्त प्रेशर असू शकतं. आधी मोजा, मग घ्या. आणि दुकानात जाताना जुनी जाळी खिशात घालून जा. नळाच्या तोंडाला आतून आटे असतील तर बहुतेक २४ मिलिमीटरचा लागतो, बाहेरून असतील तर २२ चा, पण नजरेने ओळखायला गेलात तर दोन फेऱ्या होतात. रविवार कारंज्यावर गाडी लावायला जागा शोधण्यात जो वेळ जातो त्यात घरी दहा जाळ्या धुऊन होतात.

कुठे लावायचाच नाही

बादली भरायच्या नळाला एरेटर लावून एक थेंब वाचत नाही. बादली वीस लिटरचीच आहे, ती दोन मिनिटांत भरली काय आणि सातमध्ये भरली काय, वीसच लागणार, वर तुम्ही कंटाळून नळ तसाच सोडून दुसऱ्या कामाला जाता आणि ती वाहते. फायदा फक्त जिथे पाणी वाहत असताना आपण दुसरं काही करतो तिथे: बेसिन, किचनचं सिंक, शॉवर. आमच्या पहिल्या मजल्यावर उघडा नळ मिनिटाला १० लिटर देतो. दाढी करताना दोन मिनिटं नळ सोडून ठेवणाऱ्याचे वीस लिटर जातात, तीनच्या जाळीने सहा. तोच माणूस मगात पाणी घेऊन दाढी करत असेल तर जाळीने त्याचं काहीच वाचत नाही, तो आधीच शहाणा आहे.

शॉवरला चकतीसारखा फ्लो रिस्ट्रिक्टर येतो, शॉवरच्या दांड्याच्या आट्यात बसतो, पाच मिनिटांचं काम. पण गीझर कुठला आहे ते आधी बघा. टाकीवाला साठवणुकीचा गीझर असेल तर खुशाल लावा. गॅस गीझर किंवा इन्स्टंट असेल तर थांबा. गॅस गीझर पाण्याच्या जोरावरच पेटतो, पाणी ठराविकपेक्षा कमी झालं की तो पेटत नाही, किंवा मधेच विझतो, किंवा थोडंच पाणी फार तापवतो आणि अंग भाजतं. एका घरी शॉवरमध्ये रिस्ट्रिक्टर घातल्यावर गीझर विझायला लागला म्हणून त्यांनी गीझरची सेल बदलली, मग मेकॅनिक बोलावला, सातशे रुपये दिले, आणि शेवटी चकती काढल्यावर बरं झालं. ती चकती मीच दिली होती. सातशे रुपयांचा विषय अजून निघतो.

इथे थांबायचं आणि माणूस बोलवायचा

अँगल कॉक हाताने फिरत नाही, किंवा फिरवल्यावर भिंतीच्या सांध्यातून ओल दिसतेय. जाळी पक्कड लावूनही सुटत नाही आणि नळच पूर्ण फिरायला लागलाय, आता अजून जोर लावाल तर खालचा पाइप पिळवटेल. मिक्सर भिंतीच्या आत दडलेला आहे. फक्त गरम पाणी कमी आहे आणि गरम बाजूचा कॉक उघडा आहे, म्हणजे दोष बहुतेक गीझरमध्ये किंवा त्याच्या पाइपमध्ये क्षार भरल्याचा आहे. गीझर उघडणं म्हणजे वीज, उकळतं पाणी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, हे तिन्ही एकत्र, ते टूथब्रशने होत नाही. गॅस गीझरच्या ज्योतीला, गॅसच्या नळीला किंवा त्याच्या पाण्याच्या स्क्रूला तर अजिबात हात लावायचा नाही. बंद बाथरूममध्ये तो नीट जळला नाही तर कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास येत नाही आणि माणूस जागेवर पडतो. आणि एकाच वेळी दोन तीन फ्लॅटचा उघडा नळ मेलेला असेल तर तुमच्या घरात काही शोधू नका, गच्चीवरून उतरणारी लाइन किंवा टाकीचा व्हॉल्व्ह बघायला प्लंबरला वर पाठवा.

परवा काकूंचा पुन्हा फोन. "अरे, बत्तीस सेकंद झाले." म्हटलं उघड्या नळाचं किती, तर म्हणाल्या ते पण मोजलंय, एकोणतीस. मे मध्ये टँकर चालू होते म्हणून मी आपला व्हिनेगरची बाटली घेऊन वर गेलो, तर जाळीत पांढरं काहीच नव्हतं, काळे मऊ तुकडे होते आणि काकूंचा अंगठा काळा झालेला. उघडा नळ अकराचा एकोणतीसवर गेलाय म्हणजे जाळी नाहीच. कनेक्शन पाइप सोडवून उजेडात धरली तर आतली नळी एका बाजूने आत पडून जीभ झाली होती, पाणी आलं की ती जीभ उभी राहायची. नवीन पाइप टाकली, उघडा नळ बारा सेकंद, जाळीसकट एकोणीस. जुनी पाइप काकूंनी ठेवून घेतली आहे, तिसऱ्या मजल्यावरच्यांना दाखवायला, कारण त्यांच्याकडची पण त्याच वर्षी टाकलेली आहे.